आमची वाटचाल : 36 नंबरचा ब्लाउज आणि परत आलेलं एक पार्सल

कळवा पश्चिमेला आमचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, पुढे काउंटर, मागे मशीन, एक ओव्हरलॉक आणि कटिंगचं मोठं टेबल. आधी आम्ही फक्त मापाचे ब्लाउज शिवायचो, म्हणजे बाई येणार, सोबत मापाचा जुना ब्लाउज आणणार नाहीतर आम्ही टेप लावून माप घेणार, वहीत लिहिणार आणि आठ-पंधरा दिवसांनी डिलिव्हरी. आता आमचा निम्म्याहून जास्त धंदा रेडीमेड ब्लाउजचा आहे, तोही ऑनलाइन, आणि तो ज्या मुलीने उभा केला ती माझी भाची. नाव टाकू नकोस म्हणाली आहे म्हणून भाचीच लिहिते. बऱ्याच जणी विचारतात की ब्लाउजसारखी फिटिंगची वस्तू ऑनलाइन विकतेस तर रिटर्न कसे सांभाळतेस, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहायला बसले आहे.

भाची राहते ऐरोलीला, कॉलेज ठाण्याला. कॉलेज सुटलं की एक स्टेशन पुढे येऊन दुकानात बसायची, हूक लाव, काजं कर, हिशोब लिही असं चालायचं. शिवणकामात हात बरा होता पण खरी आवड मोबाइलवर फोटो काढणं आणि विकणं. श्रावण लागायच्या आधी ती म्हणाली, "मावशी, गौरी-गणपतीला सगळ्यांना खणाचे ब्लाउज हवे असतात आणि तेव्हाच तुमच्याकडे मापाच्या ऑर्डर घ्यायला जागा नसते, मग आत्ताच रेडीमेड करून ऑनलाइन का नाही टाकायचे?" मला पटलं. खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, पण बाजारात पॉवरलूमचाही भरपूर येतो, आम्ही परवडेल असा घेतला, रंग चार-पाच. मास्टरांनी 34, 36, 38, 40 असे कापून दिले, बाही कोपरापर्यंत, मोरीला म्हणजे बाहीच्या तोंडाला खणाचा काठ. सुरुवातीला फक्त महाराष्ट्रात विकायचं ठरवलं कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून उलाढाल मर्यादेत असलेल्या छोट्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती राहिलेली नाही, नावनोंदणी क्रमांक घेऊन चालतं. राज्याबाहेर माल पाठवायचा तर मात्र नोंदणी लागतेच, हे नव्याने सुरू करणाऱ्यांनी आधी आपल्या सीएला विचारून घ्यावं.

लिस्टिंग तिनेच बनवलं. फोटो खरंच सुंदर काढले होते, पुतळ्यावर ब्लाउज घालून, सकाळच्या उजेडात, काठाचा जवळून एक, पाठीच्या नॉटचा एक. खाली लिहिलं होतं,

"खण ब्लाउज, रेडीमेड, अस्तरासह. बाही कोपरापर्यंत. साइज 36, ऑल्टर 40 पर्यंत."

बाजारात सगळे असंच लिहितात. रेडीमेड ब्लाउजच्या धंद्यात 36 म्हणजे छाती 36 आणि आत शिलाईत मार्जिन आहे ते उसवून चार इंच वाढेल, एवढंच सांगायची पद्धत आहे. ऑर्डर आल्या. आणि मग परत यायला लागल्या. पोर्टलवर गिऱ्हाईक परत करताना कारण निवडते, तिथे एक ओळ येते, "साइज लहान". बस, तेवढंच कळतं. तिचा नंबर आपल्याला दिसत नाही, फोन करून विचारता येत नाही की ताई नेमकं काय झालं. जाण्यायेण्याचा कुरिअरचा खर्च आमच्या हिशोबातून वळता होत होता, रेटिंग खाली आलं आणि रेटिंग खाली गेलं की लिस्टिंग कुणाला दिसेनासंच होतं.

तिने आधी किंमत कमी केली. त्याने ऑर्डर थोड्या वाढल्या आणि रिटर्नही तेवढेच वाढले. मग तिने वर्णनात एक ओळ टाकली, "नेहमीपेक्षा एक साइज मोठा घ्या". ऐकायला बरोबर वाटतं, लहान होतंय तर मोठा घ्या. पण त्यानंतर जे ब्लाउज परत आले त्यांची कारणं बदलली, आता "साइज मोठा" यायला लागलं आणि एका बाईंनी रिव्ह्यूमध्ये फोटोच टाकला, खांदा दंडावर उतरलाय आणि पुढचा गळा उघडा पडतोय. लहानही होतोय आणि मोठाही होतोय, एकाच मापाचा ब्लाउज, एकाच कटिंगचा! भाची रडकुंडीला आली होती, म्हणाली, "मावशी बंद करते, उरलेले दुकानात लाव." गणपती तोंडावर आलेले, माल पडलेला, मलाही तेच सोपं वाटत होतं.

त्याच सुमारास ते पार्सल आलं, 36 नंबरचा ब्लाउज, हिरवा खण, कारण तेच, "साइज लहान". एरवी रिटर्न आला की ती टॅग आहे का, डाग आहे का एवढं बघून इस्त्री करून परत स्टॉकला टाकायची. मी तिला म्हटलं, थांब, उलटा कर आणि ट्यूबलाइटखाली धर. आमच्याकडे मापाचा ब्लाउज दुरुस्तीला आला की मी आधी गिऱ्हाइकाला विचारत नाही, आधी कपडा बघते, कारण कपडा कुठे ओढला गेलाय ते शिलाईवर दिसतं.

हुकपट्टीवर इस्त्रीच्या घडीची रेघ जशीच्या तशी होती. एकदा हूक लावून अंगावर ताण आला की पट्टीला हुकाच्या मागे बारीक सुरकुती पडते आणि हूक अडकवायच्या आयचा दोरा थोडा ओढल्यासारखा दिसतो, तसलं काहीच नव्हतं. म्हणजे हूक लावलेच नव्हते. मग उजवी बाही बघितली. आतल्या सुती अस्तरावर टाल्कम पावडर लागली होती, मुंढ्यापासून, म्हणजे बाही ब्लाउजला जोडतात तिथून, साधारण अर्ध्या बाहीपर्यंत पांढरट, आणि त्याच्या खाली मोरीपर्यंत अस्तर एकदम कोरं. बाहीची शिलाई दोन्ही हातांनी हलकेच ताणून उजेडासमोर धरली तर जिथे पावडर संपत होती त्याच्या आसपास सुईची भोकं मोठी झालेली, टाक्यांमधून उजेड दिसत होता. डावी बाही बघितली तर तिला काहीच नाही, पावडरही नाही आणि ताणही नाही.

भाचीला मी काही सांगायच्या आधीच तीच बोलली, "यांनी एकच हात घातला. तो अर्ध्यात अडकला म्हणून काढून ठेवला. छातीपर्यंत ब्लाउज गेलाच नाही."

हेच झालं होतं. "साइज लहान" वाचून आम्ही इतके दिवस छाती धरून बसलो होतो आणि त्या बाईंनी छातीला ब्लाउज लावूनसुद्धा बघितला नव्हता, त्यांना दंडात झाला नव्हता. मोठी साइज घेतलेल्या बायकांचंही मग लक्षात आलं, दंड बसावा म्हणून त्यांनी 38 किंवा 40 घेतला असणार, तर बाही चढली पण खांदा आणि गळा एक-दोन साइज मोठा मिळाला. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, बाही.

आमच्या धंद्यात याला दंडघेर म्हणतात, काखेच्या जरा खाली दंडाचा जो सगळ्यात जाड भाग असतो त्याचं गोल माप. मापाच्या ब्लाउजला आम्ही ते न चुकता घेतो, छाती, कंबर, खांदा, मुंढा, दंडघेर, बाहीची उंची, मोरी, पुढचा गळा, मागचा गळा. रेडीमेडमध्ये हे सगळं एका 36 या आकड्यात गुंडाळलं जातं, आणि भारतात कपड्यांच्या मापाचं सगळ्यांनी पाळलेलं एकच कोष्टक नाही, त्यामुळे एका कारखान्याचा 36 दुसऱ्याच्या 36 शी जुळत नाही. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने 25 हजारांवर भारतीयांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायचा प्रकल्प हाती घेतला तो याचसाठी, पण आम्हाला गणपतीच्या आत उत्तर हवं होतं.

ब्लाउजची बाही टेबलावर पसरून मोजली, दंडाला सहा इंच, म्हणजे गोल बारा. खणाला स्ट्रेच नाही आणि आत सुती अस्तर आहे, त्यामुळे हात चढून आरामात वाकायला निदान अर्धा इंच तरी सैल लागतो, म्हणजे साडेअकराच्या वरचा दंड या बाहीत नीट बसणार नाही. मग दुकानातल्याच ताईंचे दंड मोजले. आमच्याकडे दोघी जणी आहेत ज्यांची छाती बरोबर 36, एकीचा दंडघेर 11 निघाला आणि दुसरीचा 13. छाती तीच, दंडात दोन इंचांचा फरक. वय, बाळंतपण, कामाची सवय, घरातली ठेवण, काहीही कारण असेल, पण छातीवरून दंड सांगता येत नाही हे तिथे टेबलावरच दिसलं.

भाचीने मग जी गोष्ट केली ती मला सुचली नसती. तिने माझ्या मापाच्या जुन्या वह्या काढल्या, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत पडलेल्या, आणि ज्यांची छाती 36 लिहिलीय त्या सगळ्या बायकांचे दंडघेर एका कागदावर उतरवले. साडेदहापासून चौदापर्यंत आकडे होते. बहुतेक जणी साडेअकरा ते तेरामध्ये येत होत्या, म्हणजे आमची बाही ज्यांना बसणार नव्हती त्यांचीच संख्या जास्त. वर्षानुवर्षं आम्ही हे स्वतःच्या हाताने लिहीत होतो, वही दुकानातच होती. ज्यांचं टेलरिंगचं दुकान आहे आणि ऑनलाइन उतरायचंय त्यांना मी पहिलं हेच सांगते की कुणाचा चार्ट कॉपी करू नका, आपल्या वह्या उघडा, त्या आपल्याच भागातल्या बायकांच्या मापांच्या आहेत.

दुसरी भानगड होती "ऑल्टर 40 पर्यंत" या तीन शब्दांची. हे नीट समजून घ्या, कारण रेडीमेड ब्लाउज विकणाऱ्या कित्येक जणी हे लिहितात आणि ते फक्त छातीपुरतं खरं असतं. ब्लाउजची बाजूची शिलाई बाहीच्या मोरीपासून सुरू होते, काखेत वळते आणि कंबरेपर्यंत जाते, सलग एकच. छातीला अशा दोन शिलाया, डावी आणि उजवी, आणि प्रत्येक शिलाईत पुढचा आणि मागचा असे दोन थर. म्हणजे शिलाई अर्धा इंच बाहेर सरकवली तर प्रत्येक बाजूला एक इंच मिळतो आणि एकूण छाती दोन इंच वाढते. बाहीला मात्र एकच शिलाई असते, तिथे तोच अर्धा इंच सरकवला तर फक्त एक इंच मिळतो. थोडक्यात छाती चार इंच वाढवायला जेवढं मार्जिन लागतं तेवढंच बाहीला ठेवलं तरी दंड दोनच इंच वाढतो. आणि आमच्या त्या ब्लाउजमध्ये तेवढंही नव्हतं. छातीला सव्वा इंच मार्जिन सोडलेलं, पण काखेच्या वर बाहीकडे जाताना ते निमुळतं करून पाव इंचावर आणलेलं आणि दोन्ही थर एकत्र धरून ओव्हरलॉक मारलेला. मास्टरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, बाहीत जास्त कापड ठेवलं की काखेत गोळा होतो, टोचतो, मापाच्या ब्लाउजला कोण ठेवतं. पण मापाच्या ब्लाउजला बाही मोजून शिवलेली असते आणि इथे ती कुणाच्या दंडावर जाणार हे आपल्याला माहीतच नसतं.

पुढचा लॉट आम्ही बदलून कापला. बाहीला पाऊण इंच मार्जिन, दोन्ही थरांना वेगवेगळा ओव्हरलॉक म्हणजे शिलाई उसवता येते, आणि शिलाई एक न मारता दोन समांतर मारायच्या, आतली फिटिंगची आणि तिच्या बाहेर अर्ध्या इंचावर दुसरी. गिऱ्हाइकाला सैल हवं असेल तर तिने घरी बसून आतली शिलाई उसवायची, बाहेरची तयारच आहे, टेलरकडे जायला नको. खणावर उसवलेल्या टाक्यांच्या बारीक खुणा राहतात, उलट्या बाजूने वाफेची इस्त्री फिरवली की कमी दिसतात, पूर्ण जात नाहीत, तेही आम्ही वर्णनात लिहून टाकलं. काखेत गोळा होऊ नये म्हणून मास्टरांनी काखेच्या वळणावर मार्जिनला छोटे छोटे कट दिले.

नुसतं मार्जिन पुरेसं नव्हतं म्हणून 36 मध्येच दोन बाह्या काढल्या, एक दंड बाराची आणि एक साडेतेराची. ऐकायला सोपं आहे, बाही रुंद कापा, झालं. तसं होत नाही. बाहीचा वरचा गोलावा, ज्याला आम्ही कॅप म्हणतो, त्याची लांबी मुंढ्याच्या लांबीशी जुळावी लागते, नाहीतर बाही जोडताना चुण्या पडतात. बाही रुंद केली आणि कॅपची उंची तेवढीच ठेवली तर गोलावा लांब होतो. म्हणून रुंदी वाढवताना कॅपची उंची थोडी कमी करायची, गोलावा जरा चपटा करायचा, म्हणजे लांबी मुंढ्याएवढीच राहते आणि उलट हात वर करायलाही सोपं जातं. काही जणी दंड बसत नाही म्हणून मुंढा खोल करतात, ते मात्र करू नका. मुंढा खोल गेला की हात वर केल्यावर अख्खा ब्लाउज वर उचलला जातो आणि दंड जिथे आवळतोय तिथे आवळतोच.

मोजायचं कसं यावरही भाचीने खूप डोकं लावलं. पहिल्यांदा तिने ब्लाउज टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत टेप लावला आणि दुप्पट केला, तर मोठ्या हौसेने 37 शिवलेला ब्लाउज पावणेछत्तीस भरला. कारण ब्लाउजला टक्स असतात, पुढचा भाग उभा राहतो, तो पाट्यासारखा सपाट होतच नाही आणि जबरदस्तीने दाबला तर घडी पडून माप कमी येतं. टी-शर्ट मोजायची पद्धत ब्लाउजला चालत नाही. आता आम्ही हूक लावून ब्लाउज उलटा करतो, पाठ खाली सपाट ठेवून काखेच्या शिलाईपासून काखेच्या शिलाईपर्यंत पाठ वेगळी मोजतो, मग पुढचा भाग त्याच्या फुगवट्यावरून टेप फिरवून वेगळा, आणि दोन्हींची बेरीज. बाही सपाट होते त्यामुळे ती साधी, काखेच्या शिलाईपासून एक इंच खाली मोरीला समांतर टेप लावायचा, ओढायचा नाही, आणि दुप्पट. मुंढा मोजायला टेप उभा कडेवर धरून शिलाईच्या वळणावरून फिरवायचा. आणि कापडी टेप जुना झाला की लांबतो, दुकानातला आमचा टेप स्टीलच्या पट्टीला लावून बघितला तर बारा इंचाला बारीकसा फरक होताच, तो टेप त्याच दिवशी बदलला. माप छोटं असेल तेव्हा चालून जातं, पण मग तोच फरक दुप्पट होतो आणि गिऱ्हाईक घरी वेगळ्या टेपने मोजते.

नवीन लिस्टिंग असं होतं,

"खण ब्लाउज 36, बाही मोठी. हे तयार ब्लाउजचं माप आहे, अंगाचं नाही. छाती 37 (94 सेमी), दंडघेर साडेतेरा (34 सेमी), मुंढा साडेसोळा (42 सेमी), खांदा 14, उंची साडेचौदा. आतली शिलाई उसवली तर छाती 39, दंडघेर साडेचौदा. खांदा आणि गळा वाढत नाही. तुमचा नीट बसणारा जुना ब्लाउज घ्या, फोटोत दाखवलंय तिथे बाही मोजा आणि या मापाशी ताडून बघा."

यातला "अंगाचं नाही" हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आधी आम्ही 36 लिहायचो तेव्हा निम्म्या बायका अंगाचं माप समजायच्या आणि निम्म्या कपड्याचं, आणि ब्लाउजमध्ये तोच एक इंच निर्णायक असतो. जुना ब्लाउज मोजायला सांगायचं कारण असं की स्वतःचा दंड स्वतः मोजताना टेप एका हाताने धरावा लागतो, तो तिरका होतो किंवा बाई श्वास धरून आवळून घेते. टेबलावरचा ब्लाउज हलत नाही. आणि फोटो, जुने सगळे फोटो सुंदर होते पण त्यांच्यावरून माप कळत नव्हतं. तिने एक नवीन फोटो टाकला, उलटा केलेला ब्लाउज, बाहीवर टेप, आकडा वाचता येईल असा, आणि शेजारी मार्जिन बोटाने उघडून दाखवलेलं. खरं सांगायचं तर उलट्या ब्लाउजचा फोटो लावायला मी नको म्हणत होते, शिलाई कोण दाखवतं असं वाटत होतं, पण ती अडून बसली आणि आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्या सगळ्यात जास्त बायका त्याच फोटोवरून विचारतात.

गौरी बसायच्या आत नव्या मापांचा लॉट गेला. दंडात होत नाही अशी तक्रार जवळजवळ थांबली. रिटर्न संपले असं मात्र नाही, रंग फोटोपेक्षा गडद आहे म्हणून येतात, मन बदललं म्हणून येतात, ते चालायचंच, त्यावर टेपचा उपाय नाही. पण आता कुठलंही पार्सल परत आलं की भाची ते थेट स्टॉकला टाकत नाही, उलटं करते, हुकपट्टी बघते, दोन्ही बाह्या, काख, खांद्याची शिलाई, आणि पोर्टलवरचं कारण आणि कपड्यावरची खूण शेजारी शेजारी वहीत लिहिते. दोन्ही जुळत नसतील तर ती खुणेवर विश्वास ठेवते.

त्यातूनच दिवाळीच्या सुमारास अजून एक कळलं. एक ब्लाउज धुऊन परत आला होता, तो आम्हाला घ्यायला लागला नसता पण पोर्टलने घ्यायला लावला, असो. त्याच्या बाहीत वरचा खण ढगळ आणि आतलं अस्तर आवळलेलं, मोरीशी खण फुगून बाहेर आलेला. अस्तर सुती, न भिजवता कापलेलं, पहिल्याच धुण्यात आटलं. मापाच्या कामात आम्ही अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापतो, पण रेडीमेडचा मोठा लॉट आला की जागा नाही, वाळवायला गच्ची नाही, म्हणून ती पायरी वगळली गेली होती. आता नवीन ठाण आलं की आधी त्यातून एक तुकडा कापायचा, त्यावर पेनाने 10 इंचाचा चौकोन आखायचा, धुवायचा, वाळवायचा आणि परत मोजायचा. पावणेदहा भरला तर चाळीसला एक इंच गेला हे समजायचं, बारा-तेराच्या दंडात पाव इंचाहून जास्त, म्हणजे आपण जी सैल ठेवली ती अर्धी धुण्यातच संपली. एवढं आटणारं अस्तर न भिजवता आम्ही वापरत नाही, मग लॉट दोन दिवस उशिरा गेला तरी चालेल. भाची ऐरोलीला तिच्या सोसायटीच्या गच्चीवर, ऊन नसेल तेव्हा घरात पंख्याखाली वाळवते, तिची आई म्हणजे माझी ताई वैतागते पण दोऱ्या बांधून देते.

सध्या आमचं काम 42 च्या पुढच्या साइजवर चाललंय. तिथे वेगळाच पेच आहे, छाती वाढते तसा खांदा वाढत नाही, 36 चा खांदा 14 असेल तर 44 ला तो त्याच प्रमाणात वाढवला की बाही दंडावर घसरते, आणि बाजारात मोठ्या साइजचे बहुतेक ब्लाउज असेच मोठे केलेले मिळतात. वह्यांमध्ये 42 ते 46 च्या नोंदी कमी आहेत. म्हणून या साइजच्या बायका दुकानात आल्या की आम्ही त्यांना विचारून खांदा, दंडघेर आणि मुंढा वेगळ्या वहीत उतरवून घेतोय, ब्लाउज शिवायला टाकला असो वा नसो. कळवा, विटावा, खारेगाव, ऐरोली भागातल्या कुणाला माप द्यायचं असेल तर दुपारी दोन ते पाच या, तेव्हा गर्दी कमी असते आणि भाची तेव्हा दुकानात असतेच.